पेनकिलर बंद करून सात महिने झाले, तरी अल्सरचं दुखणं परत आलंय. जुना निगेटिव्ह रिपोर्ट धरून चालायचं का?

ओंजळ
नमस्कार. आईबद्दल विचारायचं आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण मधलं काही गाळलं तर उत्तर चुकेल अशी भीती वाटते.

आई ६१ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे झिजलेत. गेल्या वर्षी दुखणं फार वाढलं तेव्हा तिने आयबुप्रोफेन ४०० ची गोळी सुरू केली. आधी फक्त दुखलं तर घ्यायची, मग रोज एक, मग दिवसातून दोन-तीन. असे चार महिने गेले. तिसऱ्या महिन्यापासून पोटात दुखायला लागलं. सगळ्यांनी "पित्त" म्हटलं, म्हणून तिने स्वतःच ओमेप्राझोल सुरू केली.

पण त्या दुखण्याला ठरलेली वेळ होती, हे आता मागे वळून बघताना कळतंय. रात्री दीड-दोनला तिला जाग यायची. पलंगाच्या कडेला बसून छातीच्या हाडाच्या खाली, बेंबीच्या वर एका बोटाने जागा दाखवायची. "इथे, एवढ्याशा जागेत कुणीतरी आतून कुरतडतंय." घोटभर दूध प्यायलं की शांत व्हायचं, तास-दोन तासांनी पुन्हा सुरू. जेवणानंतर लगेच काही नाही, पोट रिकामं झालं की त्रास.

मग एका सकाळी न्हाणीघरात चक्कर येऊन ती भिंतीला टेकली. दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं आणि चिकट होत होतं, ते तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. हिमोग्लोबिन ८.२ निघालं, दवाखान्यात दाखल केलं. दुर्बिणीतून तपासल्यावर लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीला साधारण १ सेंटिमीटरचा अल्सर दिसला. तेव्हाच तुकडा घेऊन अल्सर करणाऱ्या जंतूचीही चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. निष्कर्ष निघाला की पेनकिलरचा अल्सर आहे. आयबुप्रोफेन कायमची बंद, आठ आठवडे पित्ताची गोळी. ती पूर्ण बरी झाली.

आता सात महिन्यांनी तेच. तीच वेळ, तेच बोट, तीच जागा. आयबुप्रोफेनला तिने हातही लावलेला नाही. ज्यांना दाखवलं त्यांनी पुन्हा ओमेप्राझोल लिहून दिली. जंतूचं विचारलं तर म्हणाले, "ते मागेच बघितलंय, नाहीये." गोळी सुरू करून आज चौथा दिवस, दुखणं कमी आहे. मग मी उगाच काळजी करतेय का?

रानवारा
ताई, मला दहा वर्षं अगदी हाच त्रास आहे. जेवून आडवं झालं की छातीत आग आणि घशात आंबट पाणी. मी पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली आणि रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी घ्यायला लागलो, खूप फरक पडला. आईंनाही करून बघायला सांगा. चाचण्यांच्या मागे लागू नका, हे असंच चालतं.

भाऊसाहेब_५२
तुमच्या आईंनी गोळी उपाशीपोटी घेतली असणार, चूक तिथेच झाली. पेनकिलर पोटात विरघळते आणि अस्तराला जाळते. जेवणानंतर घ्यावी, नाहीतर सरळ इंजेक्शन घ्यावं, म्हणजे पोटाशी संबंधच येत नाही. वर आवरण असलेल्या गोळ्याही मिळतात, त्या आतड्यात जाऊन फुटतात. मी गेली अनेक वर्षं पाठीसाठी अशाच घेतोय.
जंतूंचं म्हणाल तर त्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने स्वतः जंतू पिऊन स्वतःला अल्सर करून घेतला होता, हे खरं आहे. पण जगात निम्म्या लोकांच्या पोटात तो जंतू असतो म्हणतात, सगळ्यांना कुठे अल्सर होतो?

निशिगंध
ओंजळ, तुमची काळजी उगाच नाही. मी पोटविकारांच्या विभागात बरीच वर्षं काम केलंय, पण आईंना तपासलेलं नाही, हे लक्षात ठेवूनच वाचा.

उत्तर देण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. ज्या दिवशी दुर्बिणीतून तुकडा घेतला त्या दिवशी त्या ओमेप्राझोल घेत होत्या का, आणि किती दिवसांपासून? आणि तुकडा रक्तस्राव चालू असताना किंवा नुकताच थांबलेला असताना घेतला होता का? जुन्या फायलीत तारखा सापडतील.

आणि हे आधी सांगून ठेवतो. पुन्हा काळी चिकट शौचास झाली, कॉफीच्या गाळासारखी किंवा रक्ताची उलटी झाली, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा अचानक असह्य दुखून पोट फळीसारखं कडक झालं, तर इथे लिहीत बसू नका. थेट तातडीच्या विभागात जा. त्यांना एकदा रक्तस्राव झालेला आहे, म्हणून दुसऱ्यांदा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे.

रानवारा, तुमचं दुखणं आणि हे दुखणं वेगळं आहे. तुमचं आम्ल वर अन्ननलिकेत येतं, म्हणून आडवं झालं की छातीत जळतं. यांचं दुखणं पोट रिकामं झालं की, मध्यरात्री, एका बोटाच्या जागेत होतं आणि खाल्ल्यावर थांबतं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या अल्सरची ही अगदी ओळखीची तऱ्हा आहे. पलंग उंच करून तो भरणार नाही.

ओंजळ
फाइल काढली. ओमेप्राझोल आईने दाखल व्हायच्या आधी २२ दिवस रोज घेतली होती. दुर्बीण दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी केली, काळी शौच तेव्हा चालूच होती. रिपोर्टवर फक्त "रॅपिड युरिएज टेस्ट : निगेटिव्ह" एवढंच आहे. त्यानंतर पुन्हा कधी तपासलं नाही.

निशिगंध
मग त्या निगेटिव्हला मी तरी फारसा अर्थ देणार नाही. कारण सांगतो.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठरातल्या आम्लात मुळात जगायलाच नको. तो जगतो कारण त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर भरपूर असतं. पोटातल्या युरियाचे तुकडे करून तो अमोनिया तयार करतो, आणि त्या अमोनियाने स्वतःभोवतीचं आम्ल मारून चिकट थराखाली अस्तराला लागून राहतो. त्याच्या या सवयीवरच चाचणी बेतलेली आहे. काढलेला तुकडा युरिया असलेल्या रसायनात टाकतात. जंतू असेल तर अमोनिया तयार होतो आणि रंग बदलतो.

आता बघा. ओमेप्राझोलच्या गटातल्या गोळ्या आम्ल कमी करतात. आम्ल कमी झालं की त्या जंतूंची संख्या घटते, उरलेले मंदावतात, आणि जठराच्या खालच्या भागातून वरच्या भागाकडे सरकतात. तुकडा बहुतेक वेळा खालच्या भागातून घेतला जातो. म्हणजे जंतू घरात आहे, पण आपण भलत्याच खोलीचं दार वाजवतोय. त्यात रक्तस्राव चालू असला की ही चाचणी आणखी चुकते. तुमच्या आईंच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच दिवशी होत्या.

म्हणूनच नियम असा आहे की या गटातली गोळी चाचणीआधी किमान दोन आठवडे बंद हवी, आणि अँटिबायोटिक किंवा बिस्मथ घेतलं असेल तर चार आठवडे. रक्तस्रावाच्या वेळी आलेला निगेटिव्ह नंतर पुन्हा पडताळायचा असतो. तुमच्याकडे ते राहून गेलं. तिथली धांदल रक्त थांबवण्याची असते, रुग्ण बरा होऊन घरी जातो, आणि "निगेटिव्ह" हा एक शब्द फायलीत कायमचा बसतो.

गणितवेडा
म्हणजे गोळी चालू असताना पॉझिटिव्ह आला तर तो खरा धरायचा, आणि निगेटिव्ह आला तर त्याला किंमत नाही? दोन्ही बाजूंना सारखीच चूक व्हायला हवी ना?

निशिगंध
नाही, चूक एकाच बाजूला झुकते. गोळी जंतूंना लपवते, नसलेला जंतू निर्माण करत नाही. म्हणून गोळी चालू असताना पॉझिटिव्ह आला तर सहसा विश्वास ठेवतात, निगेटिव्ह आला तर नाही.

रक्तातल्या अँटिबॉडीच्या चाचणीचं याच्या उलट आहे. तिच्यावर गोळीचा परिणाम होत नाही, पण जंतू मरून गेल्यावरही अँटिबॉडी कित्येक महिने, वर्षंसुद्धा रक्तात राहतात. त्यामुळे जंतू आत्ता आहे की कधीतरी होता, हे तिच्यावरून कळत नाही. उपचारानंतर जंतू गेला का हे बघायला तर ती निरुपयोगीच.

निशिगंध
भाऊसाहेब, तुमचं वेगळं लिहितो, कारण या समजुतीपायी मी खूप माणसं रक्ताच्या उलट्या घेऊन आलेली बघितली आहेत.

गोळी अस्तराला वरून थोडी चुरचुरते, तेवढं तुमचं बरोबर. पण मोठं नुकसान रक्तातून होतं. गुडघ्याला सूज आणणारी जी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं आहेत, त्यांच्याच कुळातली द्रव्यं जठरात वेगळं काम करतात. चिकट थर जाड ठेवतात, त्या थराखाली आम्ल मारणारा क्षार सोडायला लावतात, अस्तराचा रक्तपुरवठा चालू ठेवतात. ही द्रव्यं बनवणारं विकर आयबुप्रोफेन अडवते. गुडघ्यात अडवलं की बरं वाटतं, पण ती गुडघा आणि पोट यांत निवड करत नाही. रक्तातून सगळीकडे जाते. म्हणून इंजेक्शन घ्या, आवरणाची गोळी घ्या, गुदद्वारातून घ्यायची घ्या, जठराचं संरक्षण कमी होतंच. जेवणानंतर घेतल्याने मळमळ आणि चुरचुर कमी होते, अल्सर टळत नाही.

आणखी एक फसवी गोष्ट आहे. पेनकिलर दुखणं दाबते, त्यामुळे तिच्यामुळे झालेला अल्सर पुष्कळदा दुखतच नाही, विशेषतः वय झालेल्यांमध्ये. पहिली खूण थेट काळी शौच असते. "मला इतकी वर्षं काही झालं नाही" याचा अर्थ आत काही नाही असा होत नाही. तुम्ही रोज घेत असाल तर निदान हिमोग्लोबिन बघा आणि पोटाचं संरक्षण करणारी गोळी सोबत हवी का, ते विचारा.

त्या डॉक्टरांचं नाव बॅरी मार्शल. १९८४ मध्ये त्यांनी जंतू प्यायले हे खरं, पण त्यांना झाला तो गॅस्ट्रायटिस, म्हणजे अस्तराचा दाह. अल्सर नव्हे. आणि निम्म्या लोकांत जंतू असतो पण अल्सर थोड्यांनाच होतो, हे तुमचं बरोबर आहे.

भाऊसाहेब_५२
इंजेक्शनचं मला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी घरच्यांना तेच सांगत आलो. हिमोग्लोबिन करून घेतो.

पण मग एक शंका आहे. जंतू थोड्यांनाच त्रास देतो, आणि या बाईंनी चार महिने पेनकिलर घेतली, एवढं सरळ कारण समोर असताना जंतू शोधायचाच कशाला?

निशिगंध
प्रश्न अगदी योग्य आहे. याचं उत्तर नीट न दिल्यामुळेच पुष्कळांची तपासणी राहून जाते.

पेनकिलर आणि जंतू ही दोन्ही कारणं एकाच माणसात असू शकतात, आणि एकत्र आली की धोका कुठल्याही एका कारणापेक्षा बराच वाढतो. जंतू जठराच्या खालच्या भागात बसला की तिथे गॅस्ट्रिन जास्त सुटतं, त्याने आम्ल वाढतं आणि ते जास्तीचं आम्ल लहान आतड्याच्या तोंडावर पडतं. त्यावर पेनकिलरने संरक्षण काढून घेतलं की भोक पडायला वेळ लागत नाही. म्हणून नुसतं "पेनकिलर घेत होत्या" म्हणून थांबायचं नसतं. अल्सर दिसला की जंतू शोधायचाच, दुसरं कारण कितीही स्पष्ट असलं तरी.

आता ओंजळ यांच्या आईंकडे बघा. आयबुप्रोफेन हे एकमेव कारण असतं तर ती बंद झाल्यावर आठ आठवड्यांत अल्सर भरून विषय संपायला हवा होता. कारण काढून टाकलं तरी सात महिन्यांनी त्याच जागी तेच दुखणं येतं, तेव्हा काहीतरी कारण मागे राहिलंय. जंतू न मारता नुसत्या गोळ्यांनी भरलेले लहान आतड्याचे अल्सर वर्षभरात निम्म्याहून अधिक लोकांत परत येतात. जंतू मारल्यावर परत येणं अगदी थोड्यांत दिसतं. औषधाने जखम भरते, पण जखम करणारा तिथेच राहतो.

औषधवाली
मी औषधांच्या दुकानात काम करते. निशिगंध यांचं सगळं पटलं, फक्त "आयबुप्रोफेनला हात लावलेला नाही" या वाक्यावर मी इतक्या लवकर विश्वास ठेवणार नाही. ओंजळ, तुम्ही खोटं बोलताय असं अजिबात म्हणत नाही. पण लोकांना आपण पेनकिलर घेतोय हेच माहीत नसतं.

एक काम करा. आई गेल्या दोन महिन्यांत ज्या ज्या गोळ्या घेतात त्या सगळ्यांची पाकिटं पलंगावर पसरा. पुढचं मोठं नाव वाचू नका, ते कंपनीने ठेवलेलं असतं. मागच्या चकचकीत कागदावर बारीक अक्षरांत घटकांची नावं असतात, ती वाचा. दोन-दोन, तीन-तीन घटक असतात. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक, मेफेनॅमिक अॅसिड, अॅस्पिरिन, यांतलं काही दिसलं तर ते आयबुप्रोफेनचंच कुटुंब. सर्दीच्या गोळीत, पाठीच्या गोळीत, पाळीच्या गोळीत, कुठेही असतं. आणि पाकीट कापून दिलेलं असेल तर नाव असलेला तुकडाच बहुधा गेलेला असतो, अशा गोळ्या बाजूला ठेवा.

पाऊलवाट
मधेच विचारतो, माफ करा. वडिलांना हृदयात स्टेंट आहे, रोज अॅस्पिरिन ७५ घेतात. हा धागा वाचून हात थरथरायला लागले. उद्यापासून बंद करू का?

निशिगंध
नाही. पाऊलवाट, कृपा करून स्वतःहून बंद करू नका. स्टेंटमध्ये अचानक गुठळी झाली तर ते अल्सरपेक्षा जास्त जीवघेणं आहे. अॅस्पिरिन अगदी लहान मात्रेतही पोटाचं संरक्षण कमी करते हे खरं, पण त्यावर उपाय ती सोडणं हा नाही. हृदयाच्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. सोबत पोटाच्या संरक्षणाची गोळी हवी का, आणि एकदा जंतूची तपासणी करावी का. वडिलांना आधी अल्सर झाला असेल, रक्त पातळ करणारं दुसरं औषध किंवा स्टिरॉइड चालू असेल, तर हे आवर्जून सांगा. आणि अंगदुखीसाठी ते अॅस्पिरिनच्या जोडीला आयबुप्रोफेनही घेत असतील तर ते मात्र त्यांच्या डॉक्टरांना लगेच कळवा. दोन्हींचा पोटावरचा भार एकावर एक चढतो, शिवाय आयबुप्रोफेन अॅस्पिरिनच्या हृदयावरच्या कामात अडथळा आणू शकते.

पाऊलवाट
बंद करत नाही. उद्या फोन करतो त्यांना. आभार.

ओंजळ
औषधवाली, तुमचं खरं निघालं. पाकिटं पसरली. "मानेचे स्नायू सैल करायची गोळी" म्हणून आई जी घेते तिच्या मागे दोन नावं आहेत, त्यातलं दुसरं डायक्लोफेनॅक ५०. दीड महिन्यात तिने ती साधारण आठवड्यातून दोनदा घेतली आहे. मला रडू आलं. तिला दोष नाही, तिला "पेनकिलर नको" सांगितलं होतं आणि तिच्या लेखी ही पेनकिलर नव्हतीच.

मग आता काय समजायचं? याच गोळीने परत आला, की जंतूने?

औषधवाली
आठवड्यातून दोनदा डायक्लोफेनॅक, आणि तेही एकदा रक्तस्राव झालेल्या पोटात. मी तरी हेच कारण धरेन.

निशिगंध
मी इतकं ठाम म्हणणार नाही. दुखणं परत आलं तेव्हा ती गोळी सुरू झालेली होती का, हे तारखा लावूनच कळेल. पण पुढचं पाऊल दोन्ही बाजूंनी एकच आहे. ती गोळी आजच बंद, आणि जंतूची चाचणी, या वेळी नीट तयारी करून.

गणितवेडा
एक अडचण दिसते. चाचणीसाठी दोन आठवडे ओमेप्राझोल बंद ठेवायची, आणि ज्यांना मागे रक्तस्राव झालाय त्यांचं संरक्षण दोन आठवडे काढून घ्यायचं? हा धोका नाही का?

निशिगंध
धोका आहेच, म्हणून हे घरी ठरवायचं नाही. डॉक्टर दोन-तीन मार्ग बघतात. एक म्हणजे मधल्या काळात ओमेप्राझोलऐवजी फॅमोटिडिनसारखी दुसऱ्या गटातली गोळी देणं. ती जंतूला फारसं लपवत नाही, चाचणीच्या आदल्या दिवशी ती थांबवली की झालं. दुसरा, थांबणं शक्यच नसेल तर पुन्हा दुर्बीण करून जठराच्या खालच्या आणि वरच्या, दोन्ही भागांतून तुकडे घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. काही जण आधी आठ आठवडे औषध देऊन अल्सर भरू देतात आणि मग तपासतात. आईंचं वय आणि आधीचा रक्तस्राव बघता दुर्बीण लगेच पुन्हा करायची की नाही, यावर दोन डॉक्टर वेगळं सांगू शकतात, आणि दोघांचंही बरोबर असू शकतं. तुम्ही दुसऱ्या कुणा पोटविकारतज्ज्ञांना दाखवा, आणि जाताना तोंडी सांगण्याऐवजी एका कागदावर लिहून न्या : ओमेप्राझोल २२ दिवस, रक्तस्राव चालू, चाचणी एकदाच, डायक्लोफेनॅक अमुक तारखेपासून.

ओंजळ
(तीन आठवड्यांनी)
तो कागद नेला. नव्या डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले की हा निगेटिव्ह आपण विसरून जाऊ. हिमोग्लोबिन आधी बघितलं, ११.९ आलं. शौच तपासली, रक्त नाही. म्हणून त्यांनी फॅमोटिडिनचा मार्ग घेतला, आणि काळी शौच झाली तर काय करायचं ते आईला माझ्यासमोर पाठ म्हणायला लावलं.

श्वासाची चाचणी केली. उपाशीपोटी गेलो. आधी एका पिशवीत फुंकर मारून घेतली, मग युरिया घातलेलं पाणी प्यायला दिलं, अर्धा तास बसवलं आणि दुसऱ्या पिशवीत फुंकर. त्या युरियातला कार्बन खुणेचा असतो. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि खुणेचा कार्बन श्वासातून बाहेर येतो, असं तंत्रज्ञ मुलीने सांगितलं. आईला सुई नाही, नळी नाही, याचंच मोठं समाधान.

पॉझिटिव्ह आली. स्पष्ट पॉझिटिव्ह.

तारखांचंही सांगते. आई एका वहीत रोजचा खर्च लिहिते, त्यात मानेच्या गोळ्या आणल्याची नोंद सापडली. दुखणं परत सुरू झालं त्याच्या साधारण नऊ-दहा दिवस आधीची. म्हणजे दोन्ही कारणं होती.

औषधवाली
मग माझंही बरोबर आणि निशिगंध यांचंही. कुठल्याने किती केलं हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

भाऊसाहेब_५२
उपचार काय दिलाय? मी ऐकलंय की आठवडाभराच्या अँटिबायोटिकने जातो.

ओंजळ
१४ दिवस. चार औषधं आहेत : पित्ताची गोळी दिवसातून दोनदा, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल. दिवसाला इतक्या गोळ्या होतात की मी एका कागदावर चौकोन आखून दिलेत, गोळी घेतली की आई त्यात फुली मारते. आज सहावा दिवस. तोंडाला सतत लोखंड चाटल्यासारखी चव येते, जेवण जात नाही. आणि शौच काळी झाली, तेव्हा माझं काळीजच थांबलं होतं.

निशिगंध
बिस्मथने शौच आणि जीभ काळी पडते, लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. फरक असा : औषधाने झालेली काळी शौच घट्ट, नेहमीसारख्या आकाराची असते. रक्ताची काळी शौच डांबरासारखी चकचकीत, चिकट असते आणि तिला उग्र, न विसरता येणारा वास असतो. सोबत चक्कर, धडधड आहे का बघा. शंका आली तर डॉक्टरांना विचाराच, फोनवर वर्णन सांगितलं तरी पुष्कळ कळतं.

कडू-धातूसारखी चव मेट्रोनिडाझोलची. ती औषध संपलं की जाते. त्या काळात दारू पूर्ण वर्ज्य, हे आईंना लागू नसेल पण वाचणाऱ्यांसाठी लिहितो. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेऊ नका, दुधातल्या कॅल्शियमने ती नीट शोषली जात नाही. रात्री दूध प्यायची सवय असेल तर गोळी आणि दूध यांत दोन तास तरी अंतर ठेवा.

आणि सहाव्या-सातव्या दिवशी दुखणं थांबतं, तोंड बेचव झालेलं असतं, तिथे लोक सोडून देतात. अर्धवट सोडलं की जे जंतू उरतात ते त्या अँटिबायोटिकला दाद न देणारे असतात, आणि दुसऱ्या वेळी औषधांची निवड अवघड होते. भाऊसाहेब, पूर्वी एक आठवड्याचे कोर्स दिले जायचे. औषधांना दाद न देणारे जंतू वाढले म्हणून आता बहुतेक ठिकाणी १४ दिवस देतात.

रानवारा
हे सगळं वाचून विचारतो. मला पलंग उंच करून बरं वाटतं, पण कधी कधी गिळताना अन्न छातीत अडकल्यासारखं होतं, गेले दोन-तीन महिने. हेही आम्लाचंच ना?

निशिगंध
रानवारा, हे आधी सांगायला हवं होतंत. असेलही आम्लाचंच, पण अन्न अडकणं, कारण नसताना वजन घटणं, रक्त कमी होणं, यांतलं काहीही असेल तर घरच्या उपायांवर थांबायचं नाही. या आठवड्यात दाखवा आणि दुर्बिणीचं विचारा.

रानवारा
वजन चार किलो कमी झालंय, मला वाटलं रात्री कमी जेवतो म्हणून. उद्याच वेळ घेतो.

ओंजळ
(दहा आठवड्यांनी)
सांगायचं राहिलं होतं. आईचा कोर्स पूर्ण झाला, एकही चौकोन रिकामा नाही. त्यानंतर अल्सर भरायला काही आठवडे पित्ताची गोळी चालू ठेवली, मग ती बंद करून दोन आठवडे थांबलो आणि पुन्हा श्वासाची चाचणी केली. कोर्स संपल्यावर निदान चार आठवडे जायलाच हवेत असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आमचे त्याहून जास्त झाले. या वेळी निगेटिव्ह, आणि या वेळचा निगेटिव्ह खरा.

ती रात्री झोपते. दोन वाजता मीच सवयीने जागी होते आणि तिच्या खोलीत डोकावते.

गुडघ्यांचा प्रश्न मात्र तसाच आहे. पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत आणि वरून लावायचं मलम चालू आहे, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकलोय. जिना उतरताना अजून दुखतंच. डॉक्टर म्हणाले, जंतू गेला म्हणून पेनकिलर मोकळी झाली असं समजू नका, एकदा रक्तस्राव झालेल्या पोटात ती पुन्हा अल्सर करू शकते. अगदीच गरज पडली तर सेलेकॉक्सिबसारखं औषध पोटाच्या गोळीबरोबर थोडे दिवस देता येईल, पण हृदय आणि मूत्रपिंड तपासूनच. ते अजून ठरलेलं नाही.

आणि एक विचारायचं आहे. आम्ही घरात चौघं. बाकी तिघांनीही तपासून घ्यावं का?

भाऊसाहेब_५२
माझ्या मते घ्यावं, एका घरात राहता म्हणजे सगळ्यांना असणार.

निशिगंध
यावर एकमत नाही. बहुतेकांना हा जंतू लहानपणीच घरातून लागतो, त्यामुळे तुम्हा भावंडांत असण्याची शक्यता बरी आहे. काही देशांत घरातल्या सगळ्यांना तपासून एकदमच उपचार करावेत असं मानतात, काही ठिकाणी त्रास नसेल तर तपासत नाहीत. घरात कुणाला जठराचा कर्करोग झाला असेल, किंवा तिघांपैकी कुणाला असं दुखणं असेल, किंवा कुणाला रोज पेनकिलर वा अॅस्पिरिन सुरू करायची असेल, तर मी नक्की तपासा म्हणेन. यांतलं काहीच नसेल तर तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

ओंजळ
आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, "पोटाचा आजार" होता एवढंच आईच्या आठवणीत आहे. नेमका कोणता ते मामाला विचारून सांगते.

भाऊसाहेब_५२
माझं हिमोग्लोबिन १०.४ आलं. परवा दुर्बीण आहे. पित्ताची गोळी घेत नव्हतो, म्हणजे तुकड्याची चाचणी चालेल ना, निशिगंध?

निशिगंध
चालेल. महिन्याभरात अँटिबायोटिक घेतलं नसेल तर. आणि पाठीच्या गोळीचं पाकीट सोबत न्या.